मधल्या पट्टीतली पाटी

रेल्वेतून निवृत्त झाल्यावर आम्ही गावी परतणार, असं सगळे धरून चालले होते. आम्ही परतलो नाही. लखनौत सव्वीस वर्षं काढली होती, इंदिरा नगरात घर झालं होतं, आणि बायकोचा रविवारचा वर्ग चांगला चालला होता. तो वर्ग सोडून जायची तिची इच्छा नव्हती. मलाही सांगलीला जाऊन करण्यासारखं काही सुचत नव्हतं.

वर्ग म्हणजे आमचं जेवणाचं टेबल आणि भोवती सात-आठ मुलं. आईबाप मराठी, कुणी रेल्वेत, कुणी केंद्र सरकारच्या कचेरीत, दोघं-तिघं जानकीपुरमच्या बाजूच्या संशोधन संस्थेत. मुलं लखनौत वाढलेली. त्यांना मराठी समजतं, पण तोंडातून हिंदीच येतं. "पाणी हवंय का?" विचारलं की "नहीं काकू, अभी पिया" असं उत्तर. बायको त्यावर रागावत नाही. ती वीस वर्षं इथल्या शाळेत हिंदीतून भूगोल शिकवत होती, तिला या मुलांची जीभ ठाऊक आहे. तिचा सगळा भर एका अक्षरावर असतो. ळ. शाळा, डोळा, केळं, बाळ. मुलं 'केला' म्हणतात, 'बाल' म्हणतात. जीभ वर टाळूकडे वळवून पुढे कशी सोडायची ते ती आरशात दाखवते, आणि एखाद्याला पहिल्यांदा नीट 'ळ' जमला की त्या दिवशी त्याला पोह्यांची जास्तीची वाटी मिळते.

मागच्या हिवाळ्यात वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांची गोरखपूरला बदली झाली. मुलगी नुकती वाचायला लागली होती. तिच्या आईनं सुचवलं की काकूंनी धडे व्हिडिओवर टाकावेत, म्हणजे तिथून बघता येतील. बायकोनं चार दिवस विचार केला आणि हो म्हणाली. शिकवणं तिचं, बाकीचं माझं, असं ठरलं. मोबाइल कशावर टेकवायचा, पंखा कधी बंद करायचा, चॅनल कसं उघडायचं, हे सगळं मी अंगावर घेतलं. निवृत्त माणसाला काम मिळालं की तो जरा जास्तच अंगावर घेतो.

चॅनल उघडलं तेव्हा वर एक लांबट चित्र लावा, अशी सूचना आली. बॅनर. दुकानावरच्या पाटीसारखं, येणाऱ्याला पहिल्यांदा दिसणारं. माझ्याकडे संगणकावर चित्र काढून देणारं एआय होतं. त्याला प्रॉम्प्ट द्यायचा, म्हणजे काय हवंय ते शब्दांत लिहून सांगायचं, की अर्ध्या मिनिटात चित्र तयार. मी प्रॉम्प्ट अगदी मन लावून लिहिला. नोकरीत असताना मी फोटो काढायचो, पुलांचे आणि पुलांवरच्या माणसांचे. माणूस कधी मध्ये ठेवू नये, एका बाजूला ठेवावा, म्हणजे चित्राला तोल येतो, असं तेव्हा कुणीतरी शिकवलं होतं. तेच इथे वापरलं. डाव्या बाजूला टेबलाशी बसलेली साडीतली मराठी शिक्षिका, उजव्या बाजूला खिडकी, खिडकीत कडुनिंब आणि उन्हाचा कवडसा, मध्ये फिकट पिवळी मोकळी भिंत.

चित्र फार सुंदर आलं. बायकोला बोलावून दाखवलं. चित्रातली बाई तिच्यापेक्षा बरीच तरुण होती. तिनं चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाली, "चालेल. माझ्यापेक्षा बरी दिसतेय."

चॅनलवर चढवताना पडद्यावर त्या चित्रावर एकात एक चौकटी उमटल्या. टीव्हीवर एवढं, संगणकावर एवढं, सगळीकडे एवढं, असं काहीतरी लिहिलं होतं. मी ते नीट वाचलं नाही. मोठ्या चौकटीत सगळं बसलंय ना, एवढं पाहिलं आणि होकाराचं बटण दाबलं. मग माझ्या मोठ्या मॉनिटरवर चॅनल उघडून बघितलं. वरून-खालून चित्र बरंच कापलं गेलं होतं, पण डावीकडे बाईचा चेहरा आणि खांदे होते, उजवीकडे खिडकी होती. माझं समाधान झालं.

त्या रविवारी मुलांना सोडायला आलेल्या आईवडिलांना मी थांबवून घेतलं. गच्चीवर ऊन होतं, चहा केला होता. चॅनलचा पत्ता सगळ्यांना पाठवला आणि म्हटलं, उघडा. सहा मोबाइल उघडले. सगळे पडदा वरखाली सरकवून बघू लागले. शेवटी कचेरीतले एक गृहस्थ म्हणाले, "अच्छा है. सिंपल ठेवलंय, हे बरं केलंत."

मला ते 'सिंपल' कळलं नाही. मी वाकून त्यांच्या मोबाइलमध्ये पाहिलं. वर फिकट पिवळी पट्टी होती. बाई नाही, खिडकी नाही. एका कडेला साडीच्या पदराचा पुसटसा तुकडा, बस्स. दुसऱ्याच्या मोबाइलवर तेच, तिसऱ्याच्याही.

बायकोनं स्वतःचा मोबाइल उघडला होता. तिनं बराच वेळ पाहिलं.

"भिंत छान आहे," ती म्हणाली, आणि कप गोळा करायला लागली.

हे ती चेष्टेनं म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. पण तिचा स्वर साधा होता. महिनाभर ती रोज सकाळी आरशासमोर उभी राहून कॅमेऱ्याकडे बघून बोलायचा सराव करत होती. शाळेत चाळीस मुलांसमोर न बिचकलेली बाई, पण त्या काळ्या भिंगासमोर तिची जीभ अडायची. आणि तिचं पहिलं जाहीर दर्शन म्हणजे रिकामी भिंत. मी तिला सांगू लागलो की संगणकावर नीट दिसतंय. ती म्हणाली, मुलं कुठे संगणकावर बघणार आहेत, आईच्या मोबाइलवरच बघणार. ते खरंच होतं, आणि मी चॅनल उघडल्यापासून एकदाही तसा विचार केला नव्हता.

सगळे गेले, तरी एक बाई थांबली. जानकीपुरमची, औषधांवर संशोधन करणारी; तिचा मुलगा वर्गातला सगळ्यात बडबड्या. त्यांच्या विभागाचं छोटं चॅनल तीच सांभाळायची, आणि तिथे त्यांनीही हीच चूक केली होती, असं तिनं सांगितलं. त्यांच्या बॅनरमध्ये डावीकडे सूक्ष्मदर्शक होता आणि उजवीकडे औषधी रोपं. मोबाइलवर दिसायचं ते मधलं रिकामं टेबल.

तिनं माझ्याकडे कागद मागितला आणि एक आडवा आयत काढला. "काका, हे पूर्ण चित्र. हे पूर्ण फक्त टीव्हीवर दिसतं. संगणकावर याच्यातली मधली आडवी पट्टी दिसते, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पण वरखाली कापून. आणि मोबाइल त्या पट्टीच्या दोन्ही बाजूपण कापतो. बचा क्या? एवढंच." तिनं मधोमध एक लहान आयत काढून तो पेन्सिलीनं भरला. "सगळ्या ठिकाणी दिसणार ते फक्त हे. जे महत्त्वाचं, ते याच्यात."

मी मापं विचारली. तिनं मोबाइलवर शोधून सांगितली. पूर्ण चित्र कमीत कमी २०४८ रुंद, ११५२ उंच. मधला सुरक्षित भाग १२३५ रुंद आणि फक्त ३३८ उंच. म्हणजे रुंदीचे साधारण साठ टक्के, पण उंचीचा एक तृतीयांशसुद्धा नाही. हे मात्र मला लगेच कळलं. रेल्वेत प्रत्येक मार्गाची एक ठरलेली चौकट असते. डब्यावरचा माल त्या चौकटीबाहेर आला की पुलाला नाहीतर बोगद्याला घासणार. माल कितीही देखणा रचलेला असो. मी तीस वर्षं त्या चौकटीची मापं घेतली होती आणि घरात मात्र विसरलो होतो.

सोमवारी सकाळी मी नव्यानं बसलो. आधी एका जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याची चौकट केली. माझ्या पडद्यावर पूर्ण चित्र चाळीस सेंटिमीटर रुंद आणि साडेबावीस उंच दिसत होतं. त्या हिशेबानं पुठ्ठ्यात चोवीस बाय साडेसहाची खिडकी कापली. ती पडद्याच्या मधोमध धरली की मोबाइलवर काय उरणार ते कळणार. चढवून बघण्यापेक्षा हे सोपं.

मग प्रॉम्प्ट. मी तो टेंडरच्या मसुद्यासारखा लिहिला. शिक्षिका मध्यभागी, १२३५ बाय ३३८ च्या आत, डावीकडून अमुक अंतर, वरून अमुक अंतर. चित्र आलं. शिक्षिका मध्यभागी होती खरी, पण वरपासून खालपर्यंत सगळी उंची व्यापून. पुठ्ठा धरला तर खिडकीत हनुवटीच्या खालपासून कंबरेपर्यंतचा भाग आला. डोकं वर, हात खाली. मी आकडे आणखी ठळक करून पुन्हा दिले. या वेळी त्यानं भिंतीवर १२३५ हा आकडाच रंगवून दिला.

जानकीपुरमच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की त्याला आकड्यांनी मोजता येत नाही, आपण माणसाला दृश्य सांगतो तसं सांगायचं. कॅमेरा लांब आहे, वस्तू लहान दिसतेय, तिच्या दोन्ही बाजूंना आणि वरखाली खूप मोकळी जागा आहे, असं. आणि चित्राचा आकार सोळास नऊ हा वेगळा निवडायचा. आकडे आपल्या पुठ्ठ्यासाठी ठेवा, काका, असं त्या म्हणाल्या.

मी शिक्षिकेला लांब नेलं. आता ती डोक्यापासून पायापर्यंत खिडकीत बसली, पण इतकी लहान झाली की मोबाइलवर ती बाई आहे की दोरीवर वाळत घातलेली साडी आहे ते सांगता आलं नसतं. जवळ आणलं की डोकं उडायचं, लांब नेलं की ओळख उडायची. असं दोन दिवस चाललं. पुठ्ठ्याच्या कडा हातातल्या घामानं मऊ पडल्या.

बुधवारी बायको मटार सोलत माझ्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. तोवर ती या भानगडीपासून लांबच होती. मी भिंतीबद्दल मनातून माफी मागत होतो, पण ते शब्दांत आलं नव्हतं. तिनं एकामागून एक चित्रं बघितली, पुठ्ठा स्वतःच्या हातात घेतला, दोन-तीन वेळा पडद्यावर धरून पाहिला.

"अहो, ही खिडकी आडवी आहे," ती म्हणाली. "आणि माणूस उभा. तुम्ही उभा माणूस आडव्या खिडकीत कोंबताय. आडवं काहीतरी घ्या ना."

"पण तू दिसायला हवीस."

"मी व्हिडिओत दिसणारच आहे की. शिवाय ही मी कुठे आहे? ही कुणीतरी दुसरीच बाई." तिनं मटाराची परडी टेबलावर ठेवली. "आमच्या वर्गात आडवं काय असतं? पाटी असते. पाटीवर हात असतात. तेवढं पुरे."

मी तिच्याकडे पाहिलं. तीन दिवस मी बाईला कसं बसवायचं ते शोधत होतो, बाईच बसवायची का हे विचारलंच नव्हतं. त्या रविवारबद्दल मी तेव्हाच बोललो. म्हटलं, तुला वाईट वाटलं ना. ती म्हणाली, वाटलं थोडं, पण तुमचा चेहरा बघून हसूही येत होतं, सगळ्यांसमोर हसता येईना म्हणून कप उचलले. मग आम्ही दोघं बसलो, तिनं एक-एक गोष्ट सांगितली आणि मी मराठीतच प्रॉम्प्ट लिहिला. तो माझ्याकडे अजून आहे:

"रुंद, आडवं चित्र. लांबून आणि थोडं वरून पाहिलेलं एक मोठं लाकडी टेबल. अगदी मधोमध आडवी ठेवलेली लाकडी चौकटीची काळी पाटी, पूर्ण कोरी. पाटीच्या दोन्ही बाजूंना एका वयस्क बाईचे हात, हिरव्या बांगड्या घातलेले. पाटी आणि हात मिळून चित्राचा फक्त मधला अर्धा भाग रुंदीत व्यापतात आणि उंचीचा पाव भाग. वर आणि खाली नुसतं लाकूड. डावीकडे आणि उजवीकडे दूरच्या कडांना किरकोळ वस्तू, ज्या कापल्या गेल्या तरी चालतील: एक पितळी पेला, पेरूंची परडी, घडी घातलेला चष्मा. सकाळचं मऊ ऊन. कुठेही अक्षरं नकोत."

शेवटचं वाक्य मी घातलं, कारण आधीच्या दोन चित्रांत त्यानं शिक्षिकेमागच्या भिंतीवर देवनागरीसारखं काहीतरी लिहिलं होतं. लांबून मराठी, जवळून कुठल्याच लिपीतलं नाही. मराठी शिकवणाऱ्या चॅनलवर ते चाललं नसतं. 'अर्धा' आणि 'पाव' हे शब्द बायकोचे. साठ टक्क्यांच्या खिडकीत अर्धं मागितलं की थोडं इकडेतिकडे सरकलं तरी निभावतं, कडेला श्वास घ्यायला जागा राहते, असं तिचं म्हणणं होतं.

पहिल्या चित्रात पाटी तरीही मोठी आली, बहुधा ती त्याला फार महत्त्वाची वाटली असावी. मी 'कॅमेरा आणखी मागे' असं घातलं. दुसऱ्यात पेला पाटीच्या जवळ सरकला होता आणि खिडकीच्या कडेवर अर्धा कापला जात होता. 'पाटीजवळ काहीही नको' असं घातलं. तिसऱ्यात एका हातात बांगड्या सात आणि दुसऱ्यात दोन. बायको म्हणाली, पाच फुटल्या असतील, राहू द्या. पण मी चौथं मागितलं, आणि चौथं बरोबर आलं. पुठ्ठा धरला. पाटी खिडकीत अलगद बसली, हातांची बोटं आणि मनगटं आत, चारी बाजूंना बोटभर लाकूड. पुठ्ठा काढला की पेरू, पेला, चष्मा दिसायचे. ठेवला की ते नाहीसे व्हायचे आणि काही बिघडायचं नाही.

आता कोऱ्या पाटीवर काय लिहायचं, हे तिला विचारायची गरज नव्हती. मुन्शीपुलियाकडच्या स्टेशनरीच्या दुकानात मी पाटी मागितली, तर दुकानदारानं माळ्यावरून धूळ झटकून एक काढून दिली. "बच्चे अब कहाँ लिखते हैं इस पर, भाई साहब," तो म्हणाला. घरी बायकोनं ती ओल्या फडक्यानं पुसली, वाळू दिली आणि पेन्सिलीनं एकच अक्षर मोठं काढलं. पहिल्यांदा काढलेलं तिला आवडलं नाही, पुसलं. दुसऱ्यांदाही पुसलं. तिसऱ्यांदा काढलेला ळ मात्र असा होता की त्याच्या दोन्ही गाठी एकमेकींकडे बघून हसतायत. मी वरून फोटो काढला. जानकीपुरमच्या बाईंनी ते अक्षर कापून चित्रातल्या पाटीवर बसवायला मला फोनवर शिकवलं, आणि बसवल्यावर मी परत पुठ्ठा धरून पाहिला. अक्षर मधोमध होतं.

चढवताना त्या एकात एक चौकटी पुन्हा उमटल्या. या वेळी मी चष्मा लावून तिन्ही वाचल्या, मगच बटण दाबलं. आणि आधी माझा मोबाइल उघडला, मग तिचा.

पुढच्या रविवारी मी कुणालाच थांबवलं नाही. मुलं येऊन टेबलाभोवती बसली. जानकीपुरमचा बडबड्या मुलगा आईचा मोबाइल घेऊन आला होता. त्यानं पडदा बायकोसमोर धरला आणि म्हणाला, "काकू, ये तो आपके हाथ हैं."

हात तिचे नव्हते. आम्हा दोघांना ते माहीत होतं. पण अक्षर तिचं होतं, आणि मुलांनी तिचं अक्षर वर्षभर वह्यांत पाहिलं होतं, त्यामुळे हातही तिचेच वाटले असावेत. बायकोनं त्याला सुधारलं नाही. तिनं फक्त विचारलं, "आणि पाटीवर काय आहे?"

"ळ," तो म्हणाला. अगदी स्वच्छ, टाळूवरून.

त्या दिवशीच्या पोह्यांत नवीन मटार होते. धडा संपल्यावर तिनं त्याच टेबलावर मोबाइल टेकवला, मला पंखा बंद करायला सांगितलं आणि 'डोळा' या शब्दाचा व्हिडिओ एका दमात करून टाकला. कुठे अडली नाही. तो बघणारे फार नाहीत, चाळीस-पन्नास असतील. मधूनमधून ती संध्याकाळी शेजाऱ्यांकडे जाते, त्यांचा टीव्ही मोठा आहे. तिथे चॅनल लावलं की पूर्ण टेबल दिसतं, अगदी या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेजारीणबाई प्रत्येक वेळी पेरूंकडे बोट दाखवतात आणि विचारतात की हे कुठून आणले.